बदलून मागितलेला कुर्ता अडतो कुठे?

ऑनलाइन मागवलेला कुर्ता घट्ट झाला किंवा बूट पायाला चावू लागले की ॲपमध्ये दोन पर्याय समोर येतात, रिटर्न आणि एक्सचेंज. दोन्हींत आपल्याकडचा नग परत जातो, दोन्हींत माणूस दारात येतो, त्यामुळे बहुतेक जण त्यांच्याकडे एकाच कामाचे दोन शेवट म्हणून पाहतात: एकात पैसे मिळतात, दुसऱ्यात कपडा. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत. रिटर्न पूर्ण व्हायला तुमचा नग सुस्थितीत परत पोहोचला की पुरतं. परत द्यायचे पैसे कंपनीकडे आधीपासूनच असतात, ते ‘संपले’ असं होत नाही. एक्सचेंजमध्ये मात्र एक जुना व्यवहार मोडायचा असतो आणि त्याच वेळी एक नवी विक्री पार पाडायची असते. त्या नव्या विक्रीसाठी हवी ती साईज, त्याच विक्रेत्याकडे, तुमच्या पिनकोडला पाठवता येईल अशा गोदामात, त्याच किमतीला आणि ठरलेल्या मुदतीत असावी लागते. यातलं एक जरी जुळलं नाही तरी एक्सचेंज थांबतं, आणि तुमची काही चूक नसताना थांबतं. म्हणून माझं म्हणणं असं, की एक्सचेंज मागण्याआधी ते नव्या खरेदीच्या नजरेने तपासावं आणि ते अडलं तर रिटर्नची वाट उघडी राहील इतके दिवस हाताशी ठेवावेत.

साठ्याचा भाग आधी पाहू, कारण बरीच एक्सचेंज तिथेच अडतात. आपल्या दृष्टीने ‘निळा कुर्ता’ ही एक वस्तू असते. विक्रेत्याच्या नोंदीत निळा एम, निळा एल, निळा एक्सएल हे तीन वेगळे माल असतात आणि प्रत्येकाचा शिल्लक आकडा वेगळा. तयार कपड्यांचा घाऊक व्यापार सेटवर चालतो. एका सेटमध्ये ठरलेल्या प्रमाणात साईज येतात, मधल्या साईज जास्त आणि टोकाच्या कमी. किरकोळ विक्रेता सेट घेतो, पण गिऱ्हाईक सेटच्या प्रमाणात येत नाही. चांगला खपणारा माल असेल तर एक-दोन साईज आधी संपतात आणि सेट फुटतो. फुटलेल्या सेटमधली नेमकी तीच साईज भरण्यासाठी घाऊकवाला पुन्हा माल देईलच असं नाही. तो पूर्ण सेटच विकतो, आणि हंगाम सरला असेल तर तो माल पुन्हा बनतही नाही. आता एल घट्ट झालेला माणूस मागणार एक्सएल, आणि एक्सएल मागणारे त्याच्यासारखे आणखीही असणार, कारण कुर्त्याचं मापच लहान असेल तर तो सगळ्यांनाच लहान होतो. ज्या मालात साईजची तक्रार जास्त असते, त्याच मालात बदलून द्यायची साईज सर्वांत लवकर संपते. ‘फक्त २ शिल्लक’ असं दिसत असताना एक्सचेंज मागणं म्हणजे त्या दोन नगांवर डोळा ठेवून बसलेल्या सगळ्यांच्या रांगेत उभं राहणं आहे.

इथे कोणीही विचारेल, की ॲपवर एक्सएल विकायला दिसतोय, मग एक्सचेंजला तो मिळत का नाही? उत्तर विक्रेत्यात आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेस कंपनीला आपल्या देशातल्या नियमांनुसार स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. ती बाजार चालवते, माल विकतात वेगवेगळे विक्रेते. तुमच्या बिलावर एका विक्रेत्याचं नाव आणि सहसा जीएसटी क्रमांक असतो. बदली सहसा त्याच विक्रेत्याच्या साठ्यातून होते, कारण जुन्या बिलाची वजाबाकी आणि नव्या नगाचं बिल त्याच्याच वहीत बसायला हवं. पडद्यावर दिसणारा एक्सएल दुसऱ्या विक्रेत्याचा असू शकतो. तुम्हाला तो एकाच छायाचित्राखाली दिसतो, पण तुमच्या एक्सचेंजच्या हिशेबात तो नाही. एक्सचेंज मागण्याआधी बिलावरचं विक्रेत्याचं नाव आणि हव्या त्या साईजवर टिचकी मारल्यावर दिसणारं विक्रेत्याचं नाव ताडून पाहिलं तर निम्मी अनिश्चितता तिथेच संपते. नाव वेगळं दिसलं तर एक्सचेंजच्या नादी लागू नये.

रंगाचं प्रकरण साईजपेक्षा अवघड आहे, आणि लोक ते सोपं समजतात. बऱ्याच ठिकाणी एकाच डिझाइनच्या दोन रंगांची यादीत स्वतंत्र नोंद असते, छायाचित्रं वेगळी आणि कित्येकदा किंमतही वेगळी. त्यामुळे एक्सचेंजच्या पर्यायात फक्त साईज निवडता येते, रंग दिसतच नाही. तिथे ग्राहकसेवेला फोन करून ‘मला मरून हवा होता’ असं कितीही समजावलं तरी पलीकडच्या माणसाच्या पडद्यावरही तो पर्याय नसतो. रंग आवडला नाही तर रिटर्न करून दुसरा मागवणं हाच रस्ता, आणि तो पहिल्याच दिवशी धरावा. रंग न आवडणं आणि रंग वेगळाच येणं यांत मात्र फरक केला पाहिजे. मोरपंखी मागवला आणि राखाडी आला, तर तो नापसंतीचा प्रश्न नाही, ठरल्यापेक्षा वेगळा माल आल्याचा आहे. मोरपंखीच आला पण छटा फिकी, हा मधला आणि वादाचा प्रदेश. मोबाइलच्या पडद्याचा उजळपणा आणि स्टुडिओतला प्रकाश यांमुळे छटा बदलते, शिवाय एकाच रंगाचे दोन लॉट रंगवताना थोडे पुढेमागे होतात. अशा वेळी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर कपडा ठेवून काढलेलं छायाचित्र आणि संकेतस्थळावरचं छायाचित्र शेजारी ठेवून पाठवलं तर म्हणणं टिकतं. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो कोणाचंच समाधान करत नाही.

साठा जुळला तरी वाहतूक उरते. एक्सचेंज दोन पद्धतींनी होतं. पहिल्या पद्धतीत डिलिव्हरीवाला नवा नग घेऊन येतो, तुमच्या दारात जुना तपासतो, जुना घेतो आणि नवा देतो. दुसऱ्या पद्धतीत आधी जुना उचलला जातो, तो गोदामात किंवा विक्रेत्याकडे जाऊन तपासला जातो, आणि तपासणीत पास झाल्यावर नवा निघतो. पहिली पद्धत ग्राहकाला सुरक्षित आहे, कारण हातातला नग जाण्याआधी दुसरा हातात येतो. पण त्यासाठी त्या पिनकोडला असा कुरिअर लागतो, ज्याच्या माणसाला दारात तपासणी करायची सोय आणि प्रशिक्षण आहे. पुण्या-मुंबईत हे सहज मिळतं. तालुक्याच्या गावात, जिथे पार्सल दोन-तीन कुरिअर कंपन्यांच्या हातांतून जातं, तिथे पोहोचवणारा एक आणि परत नेणारा दुसराच असतो, म्हणून तिथे दुसरी पद्धत येते किंवा एक्सचेंजचा पर्यायच दिसत नाही. दुसऱ्या पद्धतीत काही दिवस असे जातात, की कपडाही आपल्याकडे नाही आणि पैसेही नाहीत. बऱ्याच तक्रारी याच दिवसांतल्या असतात: जुन्या पार्सलवर ‘उचललं’ असं दिसतं, नव्यावर ‘प्रक्रियेत’, आणि मधे कोणी काही सांगत नाही. एक्सचेंजची विनंती नोंदवताना आपल्याला कोणती पद्धत लागू आहे हे सहसा शेवटच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. तो पडदा घाईने पुढे ढकलू नये, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा.

एक उदाहरण दिवसवार मांडतो. समजा, सेलमध्ये ९९९ रुपयांना एल साईजचा कुर्ता मागवला. तो ३ तारखेला आला. परतीची मुदत सात दिवस, म्हणजे १० तारीख. पार्सल कपाटावर पडून राहिलं, घालून पाहिलं ६ तारखेला, घट्ट झाला. ७ तारखेला एक्सएलसाठी एक्सचेंज नोंदवलं. ॲपने १२ ही तारीख दिली. सगळं ठीक वाटलं म्हणून कोणी पुन्हा पाहिलं नाही. ११ तारखेला संदेश आला की माल उपलब्ध नसल्याने एक्सचेंज रद्द झालं आहे. आता रिटर्नचं बटण गेलेलं, कारण १० तारीख उलटली. सेलही संपलेला, तोच एक्सएल दुसऱ्या विक्रेत्याकडे १,४९९ ला. कंपनीने दार उघडून दिलं तर ठीक, नाहीतर न बसणारा कुर्ता घरात आणि पुढचे कित्येक दिवस ग्राहकसेवेशी बोलण्यात. यात कोणी मुद्दाम फसवलेलं नाही. फक्त एक्सचेंजची वाट पाहण्यातच रिटर्नची मुदत संपून गेली.

हाच व्यवहार दुसऱ्या रीतीने पाहा. पार्सल ३ तारखेच्या संध्याकाळी उघडलं, टॅग न काढता घालून पाहिलं. एक्सएलचे दोनच नग उरलेले दिसले. त्याच वेळी, सेल चालू असताना, एक्सएल स्वतंत्रपणे ९९९ ला मागवला आणि एलचं रिटर्न नोंदवलं. काही दिवस १,९९८ रुपये अडकले, पण दोन्ही व्यवहार एकमेकांवर अवलंबून राहिले नाहीत. एक्सएल संपला असता तर ती ऑर्डर रद्द होऊन तिचे पैसे परत आले असते, आणि एलचं रिटर्न त्यामुळे अडलं नसतं. ज्याला दुप्पट पैसे अडकवणं परवडत नाही, त्याने नवी ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीने द्यावी. आणि एक्सएलचा साठा भरपूर असेल, विक्रेता तोच असेल, मुदतीतले पाच-सहा दिवस हाताशी असतील, तर खुशाल एक्सचेंज घ्यावं. मात्र मुदत संपायच्या एक दिवस आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवावी. त्या दिवसापर्यंत नवा नग गोदामातून निघाल्याचं दिसलं नाही, तर एक्सचेंज रद्द करून त्याच दिवशी रिटर्न नोंदवावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक वेळी नवं मागवून जुनं परत करायचं, तर एक्सचेंजला अर्थ काय राहिला? एक्सचेंजला एक खरा अर्थ आहे, तो किमतीचा. एक्सचेंजमध्ये सहसा जुनी किंमत टिकते. सेल संपला असेल, एकदाच वापरता येणारं कूपन वापरलं असेल, किंवा ‘दोनवर एक मोफत’ अशा योजनेत कपडा घेतला असेल, तर रिटर्न तोट्याचं पडतं. योजनेतला एक नग परत केला की सवलतीचा वाटा कापून पैसे येतात, आणि नवी खरेदी आजच्या भावाने करावी लागते. शिवाय काही कंपन्या रिटर्नला शुल्क लावतात आणि वारंवार माल परत करणाऱ्या खात्यावर बंधनंही घालतात. म्हणजे निवड करताना विचारायचा प्रश्न एकच: आज हा कपडा मला त्याच किमतीला पुन्हा मिळतो आहे का? मिळत असेल तर वेगळं मागवून जुनं परत करणं सुरक्षित. मिळत नसेल तर एक्सचेंज, आणि त्यावर रोज लक्ष. कंपनी एक्सचेंजचा पर्याय ठळक दाखवते तेव्हा तिचंही हित त्यात असतं, कारण रिटर्नमध्ये झालेली विक्री जाते आणि एक्सचेंजमध्ये ती टिकते. त्यात गैर काही नाही. फक्त पर्याय ठळक आहे म्हणून तो आपल्याला सोयीचा आहे असं धरून चालू नये.

एक्सचेंज बऱ्याच ठिकाणी एकाच नगाला एकदाच मिळतं, म्हणून दुसरी साईज अंदाजाने मागू नये. ‘एक साईज वर’ हा अंदाज कपड्यात आणि बुटात सारखा नसतो. भारतीय बाजारातल्या बऱ्याच कुर्त्या-शर्टांत एका साईजने छातीचा घेर साधारण दोन इंचांनी वाढतो. हातातला कुर्ता सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, तो झाला कपड्याचा घेर. मग आपल्याला नीट बसणारा घरातला एक कुर्ता तसाच मोजा. फरक एक-दोन इंचांचा असेल तर पुढची साईज, चार इंचांचा असेल तर दोन साईज पुढे. साईजच्या तक्त्यात दोन प्रकारची मापं असतात, अंगाची आणि कपड्याची, आणि कपड्याचं माप अंगाच्या मापापेक्षा मोठं असतं. आपण टेपने मोजलेला कपडा अंगाच्या रकान्याशी ताडला तर दुसराही नग चुकतो. बुटांत यूकेच्या एका साईजचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. बोटं पुढे टेकत असतील तर एक साईज वर जाऊन काम होतं. बूट पंजाच्या रुंदीला दाबत असेल तर साईज वाढवून फारसा उपयोग नाही. तिथे रिटर्नच करावं.

दारातली तपासणी हे अडण्याचं आणखी एक ठिकाण. डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवर मूळ नगाचं छायाचित्र आणि काही प्रश्न असतात: टॅग लागलेला आहे का, बारकोड जुळतो का, ब्रँडचा खोका आहे का, डाग किंवा धुतल्याची खूण आहे का. एका जरी प्रश्नाचं उत्तर प्रतिकूल भरलं की ॲप त्याला पुढे जाऊ देत नाही. त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, कारण निर्णय त्याच्या हातात ठेवलेलाच नाही. टॅग कापलेला असेल, किंवा बुटांच्या खोक्यालाच चिकटपट्टी मारून तो पार्सलचा खोका म्हणून वापरला असेल, तर नवा नग त्याच गाडीतून परत जातो. म्हणून कपडा घालून पाहायचा तो टॅगसकट, बूट घालून चालून पाहायचं ते सतरंजीवर. उलट बाजूनेही सावध राहायला हवं. दारातल्या अदलाबदलीत तुमच्याकडून ओटीपी मागितला जातो, आणि तो दिला की जुना घेतल्याची व नवा दिल्याची अशा दोन्ही नोंदी पक्क्या होऊ शकतात. आधी नवं पाकीट उघडायला सांगा, गळ्याच्या लेबलवर एक्सएल आहे का ते पाहा, मगच ओटीपी द्या. लेबलवर पुन्हा एलच असेल तर ओटीपी न देता एक्सचेंज नाकारल्याची नोंद करायला लावा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. डिलिव्हरीवाल्याला घाई असते, त्याच्यावर दिवसाच्या पार्सलांचं ओझं असतं. नम्रपणे अर्धं मिनिट मागितलं तर बहुतेक जण थांबतात.

सदोष माल आणि न बसलेला माल यांकडे कायदा एकाच नजरेने पाहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यावर याहून स्पष्ट बंधन आहे: माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा किंवा ठरल्यासारखा नसेल, किंवा दिलेल्या वेळेपेक्षा उशिरा आला असेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत आटोक्याबाहेरच्या कारणांना तेवढी सूट आहे. यात ‘मला बसला नाही’ हे कारण कुठेही नाही. सांगितलेल्या मापाचाच कपडा आला आणि तो आपल्या अंगाला झाला नाही, तर तो बदलून देणं ही विक्रेत्याने स्वतःहून जाहीर केलेली सोय आहे. ती सोय त्याने जाहीर केलेल्या अटींनुसार मागता येते, त्यापलीकडे नाही. मात्र जाहीर केल्यावर ती पाळली पाहिजे, आणि रिटर्न, रिफंड व एक्सचेंजची माहिती ग्राहकाला ठळकपणे देणं हेही याच नियमांनी मार्केटप्लेसवर बंधनकारक केलं आहे.

म्हणून विनंती नोंदवताना कारण काय निवडतो याला महत्त्व आहे. एल मागवला आणि लेबलवर एम आला, तर पुष्कळ लोक सवयीने ‘साईज बसली नाही’ हे कारण निवडतात आणि स्वतःचा हक्क सोयीच्या पातळीवर आणून ठेवतात. तिथे ‘चुकीचा नग आला’ हेच निवडायला हवं. लेबल एलचं आहे पण टेपने मोजल्यावर तक्त्यातल्या कपड्याच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी भरतं, हेही ‘सांगितल्यासारखा नाही’ यात बसतं. टेप लावलेला फोटो आणि तक्त्याचा स्क्रीनशॉट हा त्याचा पुरावा. उलट, कपडा ठीक असताना एक्सचेंज लवकर व्हावं म्हणून ‘सदोष’ असं खोटं कारण देऊ नये. तपासणीत दोष सापडला नाही की विनंती फेटाळली जाते, आणि खरी अडचण सांगायची संधीही जाते.

रस्त्यावरच्या दुकानात हाच फरक वेगळ्या रूपात दिसतो. लक्ष्मी रोडवर असो की दादरला, बिलाच्या खाली बदलाचे दिवस आणि वेळा छापलेल्या असतात, अनेक दुकानांत गर्दीच्या वेळी किंवा सेलमध्ये बदल नाही अशी पाटी असते, आणि फॉल-पिको लावलेली साडी किंवा उंची कमी केलेली पँट बदलून मिळत नाही. न बसलेल्या कपड्याबद्दल दुकानदाराने या अटी घालायला हरकत नाही. पण शिवण उसवलेली, कापड फाटलेलं, पहिल्या धुण्यात रंग गेलेला, अशा सदोष मालाला ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ लागू पडत नाही. दुकानात साईज नसेल तर सहसा क्रेडिट नोट मिळते. ती घेताना तिच्यावरची मुदत आणि ती सेलच्या मालावर चालते का हे तिथेच विचारावं. दुकानाचा एक फायदा ऑनलाइन खरेदीत नाही: हवी ती साईज आहे की नाही हे फोनवर विचारून, बाजूला काढून ठेवायला सांगून मग जाता येतं.

एक्सचेंज अडलंच, तर ‘माझं एक्सचेंज कधी होणार’ हा प्रश्न ग्राहकसेवेला विचारून उपयोग नाही. त्याला ‘अठ्ठेचाळीस तास थांबा’ हे ठरलेलं उत्तर आहे. विचारायचं ते असं: नव्या नगाचा ट्रॅकिंग नंबर तयार झाला आहे का? झाला नसेल तर साठा राखून ठेवला आहे का? जुन्या नगाचा परतीचा ट्रॅकिंग नंबर काय आणि तो गोदामात पोहोचल्याची तारीख कोणती? नव्याचा ट्रॅकिंग नंबरच नसेल, तर नग अजून निघालेला नाही. अशा वेळी लेखी मागणी बदलावी: ‘बदली नग अमुक तारखेपर्यंत पाठवणं शक्य नसेल, तर एक्सचेंज रद्द करून ९९९ रुपये मूळ पैसे भरलेल्या मार्गाने परत करावेत.’ ‘मूळ मार्गाने’ हे शब्द लिहावेत, नाहीतर रक्कम त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये जमा होऊ शकते. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर बँक खातं किंवा यूपीआय आपण स्वतः ॲपमध्ये जाऊन भरावं, फोनवर कोणी लिंक पाठवली तर तिथे नाही. अडलेल्या रिफंडच्या नावाने फसवणारे फोन करतात, आणि इंटरनेटवर शोधून सापडलेला ग्राहकसेवेचा क्रमांक कित्येकदा त्यांचाच असतो.

इथून पुढची पायरी तक्रार अधिकाऱ्याची. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करायचं, असं २०२० चे नियम सांगतात. त्यामुळे चॅटच्या खिडकीत दहा वेळा लिहिण्यापेक्षा या पत्त्यावर एक मेल केलेला बरा, त्या दिवसापासून महिना मोजता येतो. मेलमध्ये ऑर्डर क्रमांक, चार तारखा (नग मिळाला, एक्सचेंज मागितलं, जुना उचलला, रद्द झालं), स्क्रीनशॉट आणि एकच मागणी असावी. नग द्या, नाहीतर पैसे द्या, नाहीतर भरपाई द्या, असं सगळं एकत्र लिहिलं की उत्तरही मोघम येतं. कार्डाने पैसे भरले असतील आणि नग परत गेल्याची नोंद असूनही रक्कम आली नसेल, तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो. त्यालाही मुदत असते, म्हणून तो महिनोन्‌महिने पुढे ढकलू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते, आणि विक्रेता दिल्लीचा किंवा सुरतचा असला तरी आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात ती करता येते. ९९९ रुपयांच्या कुर्त्यासाठी कोणी इतक्या लांब जात नाही, असं म्हणतात. बहुतेकांना जावं लागतही नाही, कारण तारखा आणि स्क्रीनशॉट नीट लावलेली तक्रार पुष्कळदा हेल्पलाइनच्या पायरीवरच मिटते. अर्धवट कागदांची तक्रार मात्र प्रत्येक पायरीवर पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.